धागा: छोट्या शॉपनं प्रोसेसच्या पोस्ट टाकायच्या तर नेमकं काय दाखवायचं? (वाळूज, ग्राइंडिंग पिन)

वाळूजचा_टर्नर
नमस्कार मंडळी. आमचं वाळूजला छोटं शॉप आहे, दोन सीएनसी, एक सेंटरलेस ग्राइंडर, बाकी हार्डनिंग बाहेरून करून आणतो. मेन काम पिनचं. आता लोकलच्या पार्टीवर किती दिवस बसायचं म्हणून चाकण आणि होसूरकडच्या दोनचार कंपन्यांना मेल टाकले, तर तिकडून एकच प्रश्न येतो की तुमची क्वालिटी कशी कळणार. तिकडचा माणूस काय एका पिनसाठी इतक्या लांब येणार नाही. म्हणून भाच्यानं सांगितलं की मामा लिंक्डइनवर प्रोसेसच्या पोस्ट टाका. पहिली पोस्ट तयार केलीये, टाकायच्या आधी इथं दाखवतो:

"आमच्या अत्याधुनिक कारखान्यात प्रत्येक पिन काटेकोर तपासणीतून जाते. १०० टक्के इन्स्पेक्शन. झिरो डिफेक्ट हेच आमचं ध्येय." सोबत व्हिडिओ, सीएनसीवर चिप्स उडतायत, शेवटी मुलगा डिजिटल व्हर्नियरनं पिन मोजतो आणि अंगठा दाखवतो. खाली आयएसओचं सर्टिफिकेट.

पिन २० एमएम, एच सिक्स, ईएन८डी, इंडक्शन हार्डन. सांगा काय कमी आहे.

जालन्याचा_फाउंड्रीवाला
व्हिडिओ भारी असेल भाऊ, गाणं कोणतं लावलंय? आम्ही मेटल ओतायचा व्हिडिओ इन्स्टाला टाकला होता, ठिणग्या बघून पोरं लई लाईक करायलेत. ऑर्डर मात्र एकही आली नाही. पाचशे रुपये देऊन बूस्ट करावं का?

वाळूजचा_टर्नर
लाईकचं नाही विचारायलो दादा, पर्चेसवाल्याला विश्वास कसा बसेल ते विचारायलोय.

क्यूए_काका
मी टियर वन कंपनीत सप्लायर क्वालिटी बघतो, नोकरीतली बरीच वर्षं व्हेंडरची शॉपं फिरण्यात गेली. तुमची पोस्ट माझ्यासमोर आली तर काय होईल ते खरं खरं सांगतो, राग मानू नका.

एच सिक्स म्हणजे २० च्या पिनला वर शून्य आणि खाली १३ मायक्रॉन. बरोबर? म्हणजे १९.९८७ ते २०.०००. आणि तुमचा मुलगा व्हर्नियरनं मोजतोय. चांगला डिजिटल व्हर्नियरसुद्धा दोन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे चालतो, म्हणजे २० मायक्रॉन. तुमच्या सगळ्या टॉलरन्सपेक्षा मोजायच्या साधनाचीच चूक मोठी. खाली "काटेकोर तपासणी" लिहिलंय आणि वर हे, मी तिथंच स्क्रोल करून पुढं जाणार. ते वाक्य काढून नुसता व्हिडिओ ठेवलात तरी मी तेच करीन, कारण व्हिडिओच सांगतो की ह्या शॉपला स्वतःचा टॉलरन्स समजलेला नाही.

तुम्ही रोज व्हर्नियरच वापरता असं मी म्हणत नाही, घरात मायक्रोमीटर असेलच. पण कॅमेऱ्यासमोर जे आलं तेच बाहेरच्याला दिसतं ना.

वाळूजचा_टर्नर
मायक्रोमीटर आहे काका, एक मायक्रॉनचा, आणि स्नॅप गेज पण आहे. मुलानं हाताला लागलं ते उचललं. व्हर्नियरवर आकडा मोठा दिसतो कॅमेऱ्यात म्हणून.

लातूरचा_मेकॅनिकल
व्हर्नियर तर सोडाच, मायक्रोमीटर पण नाही चालणार. मापाचं स्टँडर्ड टेंपरेचर २० डिग्री आहे. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४२ असतंय. स्टील गरमीनं वाढतं, म्हणजे मराठवाड्यातल्या एसी नसलेल्या शॉपची सगळी रीडिंग उन्हाळ्यात चुकीची. आधी एसीची मेट्रॉलॉजी रूम बांधा, मग पोस्ट टाका, नाहीतर चाकणवाला हसेल.

क्यूए_काका
लातूरकर, २० डिग्रीचं बरोबर आहे, पण निष्कर्ष अर्धाच धरलात. गणित करून बघा. स्टील मीटरला डिग्रीमागं साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. २० एमएमची पिन २२ डिग्री जास्त गरम असेल तर वाढ झाली पाच मायक्रॉन. पण त्या शेडमध्ये मायक्रोमीटर पण ४२ ला आहे, तो ज्या मास्टरवर झिरो केला तो मास्टर पण ४२ ला, आणि तिन्ही स्टीलचे. सगळे सारखेच फुगलेत, फरक जवळजवळ कटून जातो. आयुष्यभर लोक शेडमध्येच पिना मोजत आलेत.

घोटाळा होतो तो वेगळ्या ठिकाणी. ग्राइंडरवरून पिन निघाली, हाताला कोमट लागते, आणि ऑपरेटरनं लगेच मोजली. मायक्रोमीटर शेडच्या तापमानाला आणि पिन त्याच्यापेक्षा वीसेक डिग्री वर. तेव्हा रीडिंग चारपाच मायक्रॉन जास्त दाखवतं. तो म्हणतो १९.९९०, ओके आहे. थंड झाल्यावर तीच पिन १९.९८६ च्या आसपास उतरते, म्हणजे खालून बाहेर. ऑपरेटर खोटं बोलला नाही, पिन थंड व्हायला वेळ दिला नाही एवढंच. कूलंटचा फ्लो नीट असेल तर इतकी गरम होत नाही, पण नोझल सरकलं की होते.

हेच पोस्टमध्ये दाखवा की! पिना मास्टरच्या शेजारी लोखंडी प्लेटवर मांडून ठेवल्यात, थंड होईपर्यंत कोणी हात लावत नाही, मग मास्टरवर झिरो, मग मोजमाप. एसी रूम नसतानाही हे जमतं आणि बघणाऱ्याला कळतं की ह्यांना कळतंय.

लातूरचा_मेकॅनिकल
हां म्हणजे मास्टर एसीत आणि जॉब शेडमध्ये असं केलं तर उलट गडबड होईल.

क्यूए_काका
अगदी. तो प्रकार मी पाहिलाय. मास्टर पेटी क्वालिटीवाल्याच्या केबिनमध्ये थंडगार आणि मशीनवर येऊन लगेच झिरो.

भाग्यश्री_पर्चेस
मी चाकणला पर्चेसमध्ये आहे, मूळची परभणीची. टर्नर भाऊ, आमच्याकडं नवीन व्हेंडरचं नाव आलं की आम्ही आधी नाव टाकून शोधतो. फॅन-फॉलोइंग कोणी बघत नाही. शेवटच्या दहाबारा पोस्ट बघतो, दोन मिनिटं. त्यात दिवाळीच्या शुभेच्छा, ध्वजवंदन आणि सर्टिफिकेटचा फोटो एवढंच असेल तर आम्हाला काहीच कळत नाही. सर्टिफिकेट तर सगळ्यांकडंच आहे. आणि फोटोत मी पार्टच्या आधी मागचं बघते. क्रेटमध्ये ग्राइंड केलेल्या पिना एकावर एक ओतलेल्या दिसल्या की मनात काट. डेंट पडलेल्या पिनांचं रिजेक्शन मी भोगलंय, त्यामुळं तिथंच नजर जाते.

वाळूजचा_टर्नर
ताई हे बरं सांगितलं. आमच्याकडं ट्रे आहेत पण ग्राइंडरपासून इन्स्पेक्शन टेबलापर्यंत बादलीतच येतात पिना.

भाग्यश्री_पर्चेस
मग आधी बादली बदला, फोटो नंतर 😄

शेंद्रा_रबर
आमचा अनुभव सांगतो. आम्ही मोल्डिंगचा फोटो टाकला, दोन दिवसांनी कस्टमरचा फोन, "आमचं ड्रॉइंग मागच्या भिंतीवर दिसतंय, पार्ट नंबर वाचता येतोय." लेखी माफी द्यावी लागली. तुमच्या पिनांवर पंचिंग असेल तर तो नंबर दिसेल, आणि ज्या निळ्या क्रेटवर कंपनीचं नाव छापलेलं असतं ते क्रेट तर हमखास फ्रेममध्ये येतात. त्या क्रेटवरून तुमचा कस्टमर कोण ते तुमच्या शेजारच्या शॉपला पण कळतं.

क्यूए_काका
बरोबर, हे फार जणांना कळत नाही. एनडीए सही केलेला असेल तर आकार पण दाखवू नका. उपाय सोपा आहे, स्वतःची एक साधी पिन बनवा, स्वतःचं ड्रॉइंग, त्यावर कोणाचं नाव नाही, आणि सगळ्या पोस्ट त्याच पिनवर. किंवा कस्टमरला फोटो मेलवर पाठवून "हा टाकला तर चालेल का" असं लेखी विचारा. फोनवर "हो टाका" म्हणतात आणि नंतर त्यांच्याच लीगलचा मेल येतो.

वाळूजचा_टर्नर
पण मग पोस्टमध्ये दाखवू काय नक्की? पिनचं ग्राइंडिंग म्हणजे पाणी आणि दगड, बघायला काही नाही.

क्यूए_काका
ऐका, सगळ्यांच्या पोस्टमध्ये "गो" गेज पिनवरून सरकताना दाखवतात. सगळ्यांच्या. नो-गो अडकताना कोणीच दाखवत नाही, आणि मला तेच बघायचं असतं. तुमच्या स्नॅप गेजचं गो टोक २०.००० चं, नो-गो १९.९८७ चं. पिन गो मधून स्वतःच्या वजनानं सरकली पाहिजे आणि नो-गोला थांबली पाहिजे. ते थांबणं दाखवा, पाच सेकंदाचा शॉट, कोणतंही गाणं नको. मग कॅमेरा गेजवरच्या कॅलिब्रेशनच्या स्टिकरवर न्या, तारीख वाचता येईल असं. स्टिकरची तारीख उलटलेली असेल तर मात्र आधी लॅबला पाठवा, तो फोटो तुमच्याविरुद्धच पुरावा होईल.

आणि दुसरी गोष्ट, याहून मोठी. सेंटरलेसवर दगड झिजतो. झिजला की पिन हळूहळू मोठी होत जाते. म्हणजे तुमच्या तासातासाच्या रीडिंगमध्ये चढ दिसलाच पाहिजे. ऑपरेटर त्याला कॉम्पेन्सेशन देतो, पुन्हा खाली आणतो, मध्ये ड्रेसिंग करतो. तुमच्या रेकॉर्ड शीटवर हे कसं दिसतं ते सांगा.

वाळूजचा_टर्नर
दर २५ पिनांना एक मोजतो. कालच्या शीटवर १९.९९०, १९.९९१, १९.९९३, १९.९९५, मग ऑपरेटरनं कॉम्पेन्सेशन दिलं, १९.९९१. १९.९९६ आलं की थांबायचं असं ठरलेलं आहे, त्याच्या जरा आधीच त्यानं हात घातला.

क्यूए_काका
भाऊ, हीच तुमची पोस्ट आहे! शीटचा फोटो, हातानं लिहिलेला, वर कस्टमरचं नाव झाकलेलं. मी लाखांनी शीटं बघितली असतील, ज्यांच्यात सगळीकडं १९.९९३, १९.९९३, १९.९९३ असतं ती खुर्चीवर बसून भरलेली असतात, सहज कळतं. दगड झिजणं नैसर्गिक आहे, रीडिंग चढलंच नाही तर कोणीतरी मोजलंच नाही. तुमच्या शीटवर चढ आहे, लिमिटच्या आधी माणसानं हात घातलाय आणि ते लिहिलंय. मला झिरो डिफेक्टच्या घोषणेपेक्षा हे वाचायला आवडेल.

जालन्याचा_फाउंड्रीवाला
पण काका शीटवर चढउतार दाखवला तर कस्टमर म्हणेल ना की मशीन स्टेबल नाही. मी तर उगं प्रश्न ओढवून घ्यायला नाही टाकणार.

क्यूए_काका
ज्याला ग्राइंडिंग कळतं तो नाही म्हणणार. ज्याला कळत नाही तो विचारेल आणि तुम्हाला समजावून सांगायची संधी मिळेल.

भाग्यश्री_पर्चेस
काका, हे सगळ्या पर्चेसवाल्यांना लागू नाही हां. मला ही माहिती तुमच्यासारख्याकडून कळली म्हणून कळली. सिम्पल लिहिलं नाही तर माझे बॉस "हे काय आकडे" म्हणून पुढं जातील. खाली दोन ओळीत सांगावं लागेल की दगड झिजतो, म्हणून दर २५ ला एक मोजतो, १९.९९६ ला थांबतो.

लातूरचा_मेकॅनिकल
आणि शेवटची कितवी पिन मोजली तेवढंच का, कोणती पिन कोणत्या बारमधून आली ते कोण सांगणार? हार्डनिंग तर बाहेरून आहे म्हणे. तिथं गडबड झाली तर तुमचं ग्राइंडिंग कितीपण चांगलं असलं तरी काय उपयोग.

क्यूए_काका
हा प्रश्न चांगला. बाहेरून करून आणता ते लपवू नका, सगळेच आणतात. पण ते आल्यावर तुम्ही काय करता ते दाखवा. पिनच्या इंडक्शन हार्डनिंगमध्ये दोन गोष्टी असतात, वरची कडकपणा आणि कडक थराची खोली. वरची रॉकवेलवर कळते, खोली मात्र एक पिन कापल्याशिवाय नाही. कापा, पॉलिश करा, नायटलनं एचिंग करा, बाहेरचा कडक थर आतल्या गाभ्यापेक्षा वेगळा रंग धरतो, कडं असल्यासारखं दिसतं. त्याच्याशेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो. कुठल्याही मार्केटिंगवाल्याला हा फोटो सुचणार नाही आणि चाकणचा इंजिनियर त्यावर थांबणारच.

एक पॉइंट लक्षात ठेवा, कापायची ती पिन ग्राइंडिंग झालेली घ्या. हार्डनिंगवाला त्याच्याकडच्या पिसावर दोन एमएम दाखवतो, तुम्ही मग व्यासावर ०.३ काढता म्हणजे प्रत्येक बाजूनं ०.१५ थर गेला. ड्रॉइंगवर बहुतेक खोली ग्राइंडिंगनंतरची लिहिलेली असते. त्यामुळं तुमच्या हातातल्या पिसाचा फोटो हवा, त्याच्या रिपोर्टचा नाही.

वाळूजचा_टर्नर
रॉकवेलचं आमचं मशीन आहे. गोल पिनवर रीडिंग जरा कमी येतं म्हणून हार्डनिंगवाल्याशी दर वेळी भांडण होतं, तो ५२ म्हणतो आम्हाला ५० दिसतं.

क्यूए_काका
गोल पृष्ठभागावर कमीच दाखवतं, करेक्शन लावावं लागतं, टेबल असतं. व्ही ब्लॉकवर पिन नीट बसलेली पाहिजे. टोकाचा भाग सपाट करून त्यावर घेतलं तर वाद मिटतो, अर्थात टोकावर हार्डनिंग असेल तरच. आणि ज्या पिनवर ठसा पडला ती कस्टमरला जाऊ देऊ नका, ते पिस लाल ट्रेमध्ये जाताना दाखवलं तरी चालेल.

शेंद्रा_रबर
लाल ट्रे दाखवावा का, ह्यावर माझं मत वेगळं आहे. आमच्या सेल्सवाल्यानं रिजेक्शनचा ट्रे पोस्टमध्ये टाकला, "आम्ही चुकीचं माल पाठवत नाही" अशा लाइननं, आणि दुसऱ्या कस्टमरनं स्क्रीनशॉट पाठवून विचारलं की एवढं रिजेक्शन का होतंय तुमच्याकडं, दर कमी करा. मी तरी परत टाकणार नाही.

क्यूए_काका
ट्रेमध्ये किती पडलंय त्यावर आहे. ट्रे भरून वाहत असेल तर मीही तेच विचारलं असतं. एक पिस, त्यावर टॅग, टॅगवर कारण आणि तारीख, एवढं दिसलं तर माझ्यासाठी पुरावा आहे की वेगळं काढायची पद्धत आहे. पण तुमचा कस्टमर तसा विचार करत नसेल तर नका टाकू, तुमचा धंदा तुम्हाला जास्त कळतो.

भाग्यश्री_पर्चेस
मी मधली. रिजेक्शन ट्रे नको, पण कारण आणि दुरुस्ती असेल तर चालेल. उदा. नोझल सरकलं होतं म्हणून पिना गरम यायच्या, मग नोझलला स्टॉपर लावला, तेव्हापासून ट्रे रिकामा. अशी पोस्ट माझ्या बॉसनं स्वतःहून पुढं पाठवलीये एकदा.

वाळूजचा_टर्नर
बरं, सगळ्यांचं ऐकून परत लिहिलं. असं ठीक वाटतं का?

"२० एमएमची इंडक्शन हार्डन पिन, टॉलरन्स १३ मायक्रॉन. ग्राइंडरचा दगड झिजतो तसं माप चढत जातं, म्हणून आम्ही दर २५ पिनांना एक पिन थंड करून मायक्रोमीटरवर मोजतो. १९.९९६ आलं की थांबून दुरुस्ती करतो, म्हणजे वरच्या लिमिटला चार मायक्रॉन बाकी असतानाच. फोटोत कालच्या शिफ्टची शीट आहे, चौथ्या रीडिंगनंतर ऑपरेटरनं कॉम्पेन्सेशन दिलेलं दिसतं. पुढच्या पोस्टमध्ये कापलेल्या पिनवर कडक थर किती खोल आहे ते दाखवू."

फोटो दोन, शीट आणि नो-गोवर थांबलेली पिन. इंग्रजीत भाच्याकडून करून घेईन.

क्यूए_काका
फार चांगलं. "अत्याधुनिक" गेलं ना, बरं झालं. एकच, इंग्रजीत करताना भाच्यानं पुन्हा "वर्ल्ड क्लास" घुसवू नये ह्यावर लक्ष ठेवा. आणि व्हिडिओत ग्राइंडरवर बसणाऱ्या मुलानं हातमोजे घातले असतील तर काढायला लावा, फिरत्या मशीनवर मोजे दिसले की आमचा सेफ्टीवाला पोस्ट बघून थेट शेरा मारतो. गॉगल मात्र घाला.

लातूरचा_मेकॅनिकल
१९.९९६ ला थांबायचं आणि खाली काही लिमिट नाही का? कॉम्पेन्सेशन जास्त दिलं तर १९.९८७ च्या खाली जाईल.

वाळूजचा_टर्नर
खाली १९.९९० ठेवलंय, लिहायचं राहिलं. टाकतो त्यात.

जालन्याचा_फाउंड्रीवाला
ते नायटल कुठं मिळतं रे? आमच्या कास्टिंगला पण असं काही दाखवता येईल का?

क्यूए_काका
नायटल विकत नाही आणावं लागत, अल्कोहोलमध्ये दोन ते पाच टक्के नायट्रिक ॲसिड, लॅबवाले बनवून देतात. स्वतः करायचं तर ॲसिड अल्कोहोलमध्ये थोडं थोडं घाला, उलटं नाही, आणि बाटलीला घट्ट झाकण लावून ठेवू नका, तेवढ्यापुरतंच बनवा. फाउंड्रीला मायक्रोस्कोपशिवाय ते फार कामाचं नाही, ग्रेफाइटचा फोटो हवा तुम्हाला. वेगळा धागा काढा, त्यात बोलू.

भाग्यश्री_पर्चेस
टर्नर भाऊ, पोस्ट टाकली की लिंक द्या. आणि बादलीचं काय केलं?

वाळूजचा_टर्नर
ट्रे आणले ताई, ग्राइंडरच्या आउटलेटला नायलॉनची चॅनेल लावायलोय म्हणजे पिना एकमेकींवर आपटणार नाहीत. लिंक सोमवारी टाकतो.